सहा युनिट, सत्तर गुण आणि हातातले छत्तीस तास

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संकेतस्थळावर द्वितीय वर्ष कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा २०१९ पॅटर्नचा अभ्यासक्रम पीडीएफ रूपात आहे. तो डाउनलोड करून विद्यार्थी सहसा एकच गोष्ट बघतात, ती म्हणजे विषयाच्या पानावरची सहा युनिटांची यादी. ती यादी वहीच्या पहिल्या पानावर उतरते, परीक्षेचे वेळापत्रक लागल्यावर उरलेल्या दिवसांना सहाने भागले जाते आणि अभ्यासाचा आराखडा तयार झाला असे वाटते. हा भागाकार चुकीचा आहे. तो का चुकतो, हे त्याच दस्तऐवजात लिहिलेले आहे. फक्त ते एका पानावर नाही, तीन-चार ठिकाणी विखुरलेले आहे.

त्याच अभ्यासक्रमातला तिसऱ्या सत्राचा एक विषय घेऊ: डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, विषय क्रमांक २१०२४१. युनिट सहा. पहिले संच आणि तर्कशास्त्र, दुसरे संबंध आणि फलने, तिसरे मोजणीची तत्त्वे, म्हणजे क्रमपर्याय, संयोग वगैरे. चौथे ग्राफ थिअरी, पाचवे ट्रीज, सहावे बीजगणितीय रचना आणि कोडिंग थिअरी.

विषयाच्या पानावर सगळ्यात वर एक छोटा तक्ता असतो. डावीकडे आठवड्याचे तास, मध्ये क्रेडिट, उजवीकडे परीक्षेची योजना. इथे लिहिले आहे: इनसेम ३० गुण, एंडसेम ७० गुण. युनिटांची यादी वाचण्याआधी वाचायचा आकडा हाच. २०१९ पॅटर्नमध्ये इनसेम परीक्षा पहिल्या दोन युनिटांवर होते आणि एंडसेम तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतच्या चार युनिटांवर. इनसेमला एक तास असतो. त्यात प्रश्न १ किंवा २, आणि ३ किंवा ४ सोडवायचा. पहिली जोडी पहिल्या युनिटावर, दुसरी दुसऱ्यावर, प्रत्येकी १५ गुण. एंडसेमला अडीच तास असतात आणि तिथे अशा चार जोड्या येतात, प्रत्येक युनिटाची एक. दोन जोड्या १८ गुणांच्या, दोन १७ गुणांच्या.

म्हणजे सहा युनिटांना शंभरातले साधारण १५, १५, १८, १७, १८, १७ असे गुण मिळाले. आकडे जवळजवळ सारखे दिसतात, मग दिवसांना सहाने भागले तर बिघडले कुठे? बिघडते ते वेळेच्या बाबतीत. पहिल्या दोन युनिटांचे ३० गुण सत्राच्या मध्यावरच ठरून जातात. त्यानंतर त्यांच्यावर एंडसेममध्ये थेट प्रश्न येत नाही. तरीही डिसेंबरच्या तयारीत मुले वही पहिल्या पानापासून उघडतात आणि सत्य-सारण्या पुन्हा करत बसतात, कारण तो भाग येत असतो आणि येणारा भाग करताना बरे वाटते. त्या तीन-चार दिवसांचा एकही गुण थेट मिळत नाही.

‘थेट’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. दुसऱ्या युनिटातला एक तुकडा सहाव्यात परत लागतो. सहाव्या युनिटात काँग्रुअन्स रिलेशन आहे, आणि ते समजायला दुसऱ्या युनिटातले समतुल्यता-संबंध माहीत असावे लागतात. होमोमॉर्फिझम म्हणजे एका विशिष्ट गुणधर्माचे फलन, त्यामुळे एकास-एक आणि आच्छादक फलन म्हणजे काय हे विसरून चालत नाही. एवढे दोन मुद्दे तासाभरात उजळून होतात. दुसऱ्या युनिटाचा बाकी भाग इनसेमनंतर मिटवता येतो.

आता गुणांच्या वाटणीतली सर्वांत कामाची गोष्ट: पर्याय कुठे आहे? प्रश्न १ किंवा २ यांतला ‘किंवा’ एकाच युनिटाच्या आत आहे. ट्रीज अजिबात केले नाही, त्याऐवजी ग्राफ थिअरीचे दोन्ही प्रश्न सोडवतो, असे करता येत नाही. एक युनिट पूर्ण सोडले की १७ किंवा १८ गुण गेले, ते भरून काढायची सोय प्रश्नपत्रिकेत कुठेच नाही. उलट युनिटाच्या आत मात्र मोकळीक आहे. चार युनिटांवर मिळून १४० गुणांचे प्रश्न छापलेले असतात आणि त्यांपैकी ७० गुणांचे सोडवायचे असतात.

पण ही मोकळीक दिसते त्यापेक्षा लहान आहे. प्रत्येक प्रश्नाचे अ, ब, क असे उपप्रश्न असतात, बहुधा पाच-सहा गुणांचे. पाचव्या प्रश्नातला अ आणि सहाव्यातला ब अशी सरमिसळ चालत नाही, एक प्रश्न अख्खा निवडावा लागतो. समजा पाचव्या युनिटातला मॅक्स फ्लो-मिन कट हा घटक कोणी ऑप्शनला टाकला. तो एका प्रश्नात आला, तर विद्यार्थी दुसरा प्रश्न घेतो आणि काही बिघडत नाही. आता त्याच युनिटातले कट-सेटही त्याने सोडले, आणि एक घटक पाचव्या प्रश्नात, दुसरा सहाव्यात आला, तर कुठलाही प्रश्न घेतला तरी सहा गुण हातचे जातात. चारही युनिटांत असे झाले, तर सत्तरातले चोवीस गुण पेपर हातात येण्याआधीच गेलेले असतात. म्हणून या पॅटर्नमध्ये एका युनिटातला एकच घटक मागे ठेवण्यासारखा असतो. तोही पूर्ण सोडायचा नाही, शेवटी जमेल तेवढा करायचा, कारण एकाच घटकावर दोन्ही प्रश्नांत उपप्रश्न येऊ शकतात. ट्रीजमध्ये एका प्रश्नात प्रिमची पद्धत आणि दुसऱ्यात क्रुस्कलची, हे सहज घडू शकते. लघुतम स्पॅनिंग ट्री सोडणाऱ्याला तिथे कुठलाच पर्याय उरत नाही.

त्याच अभ्यासक्रमातल्या चौथ्या सत्राच्या इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स तीनचा नमुना वेगळा आहे, आणि हे माहीत नसणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. तिथेही एंडसेम ७० गुणांची आणि चार युनिटांवरच, पण पहिला प्रश्न सक्तीचा असतो. तो बहुपर्यायी असून दहा गुणांचा असतो आणि चारही युनिटांतून येतो. उरलेल्या साठ गुणांसाठी प्रत्येक युनिटावर पंधरा गुणांची जोडी. त्या दहा गुणांना पर्याय नाही. म्हणजे डिस्क्रीटमध्ये मागे ठेवलेला एक घटक बहुतेक वेळा निभावून जाईल, गणितात तोच घटक बहुपर्यायी प्रश्नांतून एक-दोन गुण मागणारच. विद्यापीठ एक, पॅटर्नचे वर्ष एक, तरी प्रत्येक विषयाची प्रश्नपत्रिका वेगळी बघावी लागते.

युनिटाच्या नावासमोर कंसात छापलेल्या तासांचा अर्थही विद्यापीठाप्रमाणे बदलतो. मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या २०१९च्या सी-स्कीममध्ये विषयाच्या शेवटी परीक्षेबद्दल स्पष्ट सूचना आहे. लेखी परीक्षा ८० गुणांची. एकूण सहा प्रश्न, प्रत्येकी वीस गुणांचे. पहिला सक्तीचा आणि संपूर्ण अभ्यासक्रमावर. बाकीचे पाच मिश्र स्वरूपाचे, त्यांतले तीन सोडवायचे. प्रत्येक मॉड्यूलचे वजन त्याला दिलेल्या तासांच्या प्रमाणात असेल, असेही तिथे लिहिले आहे. तिथे कंसातला आकडा म्हणजे जवळजवळ गुणच.

एका उदाहरणाने हा हिशेब बघू. समजा विषयाला एकूण ३९ तास दिले आहेत, एका मॉड्यूलला आठ आणि दुसऱ्याला पाच. छापील प्रश्नपत्रिकेत १२० गुणांचे प्रश्न असतात. आठ तासांच्या मॉड्यूलवर त्यातले साधारण पंचवीस गुण येतील, पाच तासांच्या मॉड्यूलवर पंधरा. मुंबईच्या विद्यार्थ्याने अभ्यासाचे तासही याच प्रमाणात वाटले तर तो फार चुकणार नाही. पाच तासांचे मॉड्यूल मागे ठेवण्याचा विचारही तो करू शकतो, पण तिथला धोका वेगळ्या जागी आहे. प्रश्न मिश्र असल्यामुळे सोडलेल्या मॉड्यूलचा उपप्रश्न एखाद्या चांगल्या येणाऱ्या प्रश्नाच्या पोटात बसतो आणि वीस गुणांच्या प्रश्नातले पाच-सात गुण घेऊन जातो. वरून सक्तीच्या पहिल्या प्रश्नातही त्याचा तुकडा असू शकतो.

पुण्यात तासांचा अर्थ असा होत नाही. तिथे कमी तासांच्या युनिटालाही सतरा-अठराच गुण आणि जास्त तासांच्या युनिटालाही तेवढेच. छापलेले तास तिथे फक्त शिकवायला किती वेळ लागेल हे सांगतात. त्यामुळे पुण्याच्या विद्यार्थ्याने स्वतःला विचारायचा प्रश्न असा: कोणत्या युनिटाचे अठरा गुण कमी तासांत मिळतात?

डिस्क्रीटमध्ये याचे उत्तर बऱ्यापैकी ठरलेले आहे. तिसऱ्या युनिटाचा विस्तार सर्वांत आटोपशीर आहे: बेरजेचा आणि गुणाकाराचा नियम, क्रमपर्याय, संयोग, द्विपद सहगुणक. अकरावी-बारावीत यांतला मोठा भाग येऊन गेलेला असतो. नवीन काय, तर पुनरावृत्तीसह निवड आणि क्रमपर्याय तयार करण्याच्या कृती. चौथे आणि पाचवे युनिट लांब आहेत, पण त्यांतले पुष्कळ प्रश्न कृतीचे आहेत. डायक्स्ट्राची पद्धत, हफमन कोडिंग, प्रिम, क्रुस्कल या पद्धती एकदा हातात बसल्या की गणित कोणतेही येवो, पायऱ्या त्याच. सहाव्याचे तसे नाही. ग्रुप, रिंग, फील्ड या व्याख्या पाठ झाल्या तरी ‘हा संच या क्रियेखाली ग्रुप आहे का ते दाखवा’ या प्रश्नात प्रत्येक अट स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागते. संवृतता, साहचर्य, एकक, व्यस्त यांतली एखादी तपासायची राहिली की उत्तर अपुरे. या युनिटाला पचायला दिवस लागतात आणि नेमके तेच यादीत शेवटी आहे, म्हणून बहुतेकांच्या आराखड्यातही ते शेवटीच येते.

पुस्तकांची यादीही याच नजरेने वाचावी. या विषयाला केनेथ रोझेन यांचे आणि सी. एल. लिऊ यांचे अशी दोन्ही पुस्तके दिलेली आहेत. मोजणी, ग्राफ आणि ट्रीजसाठी रोझेन यांचे जाडजूड पुस्तक उत्तम आहे. पण ग्रुप आणि रिंगवरचे प्रकरण त्यात शोधणाऱ्याच्या हाती ते लागत नाही, ते लिऊ यांच्या पुस्तकात आहे. एकच पुस्तक विकत घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याला हे परीक्षेच्या आठवड्यात कळले, तर सहाव्या युनिटाची वेळ संपलेली असते.

प्रत्येक युनिटाच्या खाली अभ्यासक्रमात उदाहरणे किंवा केस स्टडी म्हणून एक ओळ असते. चौथ्या युनिटाखाली ‘थ्री युटिलिटी प्रॉब्लेम’ आणि गूगल मॅप यांचा उल्लेख आहे. ही उदाहरणे स्वयंअध्ययनासाठी देता येतील आणि लेखी परीक्षेतून ती वगळली जातील, असे दस्तऐवजाच्या सर्वसाधारण सूचनांमध्ये म्हटले आहे. विषयाचे पान तेवढे बघणाऱ्याला ही सूचना दिसतच नाही, आणि मग त्या ओळीवर एखादी संध्याकाळ खर्च होते.

इथे एक बारकावा आहे. तीन घरे, आणि प्रत्येक घराला पाणी, गॅस, वीज या तीन ठिकाणांहून जोडणी द्यायची, पण एकही रेषा दुसरीला छेदू द्यायची नाही, असे ते कोडे. ग्राफच्या भाषेत सहा शिरोबिंदू आणि नऊ कडा. हा ग्राफ सपाट कागदावर न छेदता काढता येत नाही. केस स्टडी म्हणून तो परीक्षेत नसला, तरी प्लेनर ग्राफ हा घटक अभ्यासक्रमात आहेच, आणि हाच ग्राफ प्लेनर नाही हे सिद्ध करा, असा प्रश्न त्या घटकाखाली नियमात बसतो. ऑयलरच्या सूत्राने v − e + r = 2, म्हणून तो प्लेनर असता तर पाच क्षेत्रे झाली असती. या ग्राफमध्ये त्रिकोण नाही, त्यामुळे प्रत्येक क्षेत्राला किमान चार कडा लागतात, म्हणजे एकूण वीस. प्रत्येक कड दोन क्षेत्रांच्या वाट्याला येते, म्हणजे उपलब्ध अठराच. विसंगती आली, सिद्धता संपली. तेव्हा वगळलेल्या ओळीवर वेगळा वेळ द्यायचा नाही, पण तिच्यातले गणित वरच्या कोणत्या घटकातून येते ते बघून तो घटक मात्र नीट करायचा.

आता प्रत्यक्ष वेळापत्रक. इनसेम संपून एंडसेमला सहा आठवडे आहेत असे धरू. इतर चार विषयही आहेत, म्हणून डिस्क्रीटला आठवड्यातून चार दिवस, दररोज दीड तास. आठवड्याला सहा तास झाले, एकूण छत्तीस. त्यातले सात तास आधीच बाजूला काढायचे: दोन जुन्या प्रश्नपत्रिका अडीच-अडीच तास लावून सोडवायच्या आणि प्रत्येकीमागे तास तपासणीला. शेवटचे तीन तास उजळणीला. राहिले सव्वीस. गुणांप्रमाणे प्रत्येक युनिटाला साडेसहा आले असते, पण तिसऱ्याला पाच पुरतात, म्हणून उरलेल्या तिघांना प्रत्येकी सात.

क्रम युनिटांच्या आकड्यांप्रमाणे लावायचा नाही. आधी तिसरे, कारण ते लवकर आटपते. लगेच सहावे, म्हणजे व्याख्या मुरायला पुढचे तीन-साडेतीन आठवडे मिळतात. मग चौथे आणि त्याला लागून पाचवे. ट्री हा ग्राफचाच एक प्रकार असल्यामुळे हा क्रम उलटा करता येत नाही. पाचव्यातला बायनरी सर्च ट्री आणि ट्रॅव्हर्सल पुढच्या सत्रात डेटा स्ट्रक्चर्सच्या विषयात पुन्हा भेटतात, त्यामुळे तिथे तासभर जास्त गेला तर तो वाया जात नाही. टर्मवर्कच्या सबमिशनचे आणि प्रात्यक्षिक परीक्षांचे दिवस बहुधा लेखी परीक्षेच्या आधी येतात. त्या आठवड्यात सहा तास मिळणार नाहीत हे गृहीत धरून त्यातले दोन-तीन तास आधीच्या आठवड्यांत सरकवावेत.

जुन्या प्रश्नपत्रिका निवडताना शीर्षभाग वाचणे अत्यावश्यक आहे. त्यावर विषयाचे नाव, विषय क्रमांक आणि पॅटर्नचे वर्ष छापलेले असते. २०१५ पॅटर्नचीही डिस्क्रीटची प्रश्नपत्रिका मिळते, पण तिचे एकूण गुण आणि युनिटांची मांडणी वेगळी आहे. तिच्यातला डायक्स्ट्राचा प्रश्न सरावाला घ्यायला हरकत नाही. मात्र तिच्यावरून गुणांचा किंवा वेळेचा अंदाज बांधला तर तो चुकणार. याच कारणाने २०२४ पॅटर्नच्या विद्यार्थ्यांनी इथला हिशेब जसाच्या तसा उचलू नये. त्या पॅटर्नमध्ये इनसेमऐवजी ३० गुणांचे अखंड मूल्यमापन आहे आणि एंडसेम ७० गुणांची आहे. त्यांनी आपल्या विषयाच्या पानावरून युनिट, गुण आणि पर्याय यांची मांडणी नव्याने करायला हवी. वरच्या वर्गातल्या मित्राचे वेळापत्रक त्यांच्या उपयोगाचे नाही.

सोडवलेल्या पेपरची तपासणी फक्त उत्तर बरोबर की चूक एवढ्यावर थांबवू नये. अडीच तासांत सत्तर गुण म्हणजे एका गुणाला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ. सतरा गुणांच्या प्रश्नाला छत्तीस मिनिटे, सहा गुणांच्या उपप्रश्नाला सुमारे तेरा. सहा-सात शिरोबिंदूंच्या ग्राफवर डायक्स्ट्राची पूर्ण सारणी तेरा मिनिटांत कागदावर उतरते का, हे घड्याळ लावूनच कळते. ज्याला त्याला वीस मिनिटे लागतात, त्याला पद्धत येते पण गुण मिळत नाहीत, कारण उरलेली सात मिनिटे तो सहाव्या युनिटाच्या सिद्धतेतून काढून घेत असतो. असा उपप्रश्न सापडला की त्याच प्रकारची आणखी तीन गणिते दुसऱ्या दिवशी सोडवायची, आणि त्यासाठी लागणारा तास उजळणीच्या तीन तासांतून घ्यायचा.

दुसऱ्या प्रकारची चूक ओळखायला सोपी असते. पेपर वेळेत संपतो, पण एका जोडीतले दोन्ही प्रश्न वाचून कुठलाच पूर्ण येत नाही, दोन्हींत एकेक उपप्रश्न कोरा राहतो. याचा अर्थ त्या युनिटात एकाऐवजी दोन घटक मागे पडले आहेत. पहिली प्रश्नपत्रिका चौथ्या आठवड्याच्या शेवटी ठेवायची ती यासाठीच. तोवर पाचवे युनिट अर्धेच झालेले असते, त्याची जोडी रिकामी राहिली तरी चालते, पण तिसऱ्या, सहाव्या आणि चौथ्या युनिटांच्या जोड्यांमध्ये काय कोरे राहिले ते लिहून ठेवता येते. ते घटक पाचव्या आठवड्यात ट्रीजच्या बरोबरीने बसवायला अजून वेळ असतो. दुसरी प्रश्नपत्रिका सहाव्या आठवड्यात, आणि तिच्यानंतर नवा घटक हाती घ्यायचा नाही.